सायकल, शाळा आणि शेजारचं राज्य

बिहार सरकारने 2006 साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत बिहारच्या रस्त्यांवर गणवेशातल्या मुलींचे सायकलींवरचे घोळके दिसू लागले. माध्यमिक शाळेतल्या मुलींची संख्याही वाढली. त्यामुळे सायकल दिली म्हणून मुली शाळेत गेल्या, हा निष्कर्ष उघड दिसत होता. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी मात्र तो पारखून घ्यायचं ठरवलं. त्यांचा निबंध 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. असा निबंध कसा वाचावा आणि त्याचा कच्चा सांधा कुठे शोधावा, हे समजून घ्यायला तो फार चांगला आहे.

अशा निबंधातला कळीचा प्रश्न एकच असतो: योजना नसती तर काय झालं असतं? ते कुणीच पाहिलेलं नाही. बिहारमधल्या मुलींची योजनेआधीची आणि नंतरची संख्या ताडून पाहिली तरी उत्तर मिळत नाही, कारण त्या काळात देशभर मुलींचं शिक्षण वाढत होतं. शिवाय नोव्हेंबर 2005 मध्ये बिहारमध्ये सत्तापालट झाला होता आणि कायदा-सुव्यवस्था, रस्ते, शिक्षकभरती असं बरंच काही एकाच वेळी बदलत होतं. यातला सायकलीचा वाटा वेगळा काढायचा, तर ज्याला सायकल मिळाली नाही असा कुणीतरी तुलनेला हवा.

लेखकांनी 2007-08 मधल्या एका मोठ्या सरकारी कुटुंब-सर्वेक्षणाची आकडेवारी घेतली. त्या वेळी 14-15 वर्षांच्या असलेल्या मुली योजनेच्या काळात नववीच्या उंबरठ्यावर आल्या होत्या. 16-17 वर्षांच्या मुली मात्र योजना येण्याआधीच तो टप्पा ओलांडून गेल्या होत्या. म्हणून नववीपर्यंत पोचलेल्यांचं प्रमाण या दोन गटांत किती बदललं, हे त्यांनी पाहिलं. ही पहिली वजाबाकी. त्या वेळी मुलांना सायकल मिळत नव्हती, म्हणून मुलांमधला तसाच बदल त्यातून वजा केला. ही दुसरी. अर्थशास्त्रात या रीतीला ‘डिफरन्स-इन-डिफरन्सेस’, म्हणजे फरकांमधला फरक म्हणतात.

पण मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा वेगाने वाढतच असेल, तर दोन वजाबाक्यांनंतरही ती वाढ सायकलीच्या खात्यावर जमा होते. म्हणून लेखक झारखंडकडे वळले. नोव्हेंबर 2000 पर्यंत हा भाग बिहारमध्येच होता आणि तिथे ही योजना नव्हती. समजण्यापुरते काही काल्पनिक आकडे घेऊ. बिहारमध्ये नववी गाठणाऱ्या मुलींचं प्रमाण शंभरात 20 वरून 30 झालं आणि मुलांचं 40 वरून 43. म्हणजे मुलींची वाढ सातने जास्त. झारखंडमध्ये मुलींची वाढ पाच आणि मुलांची तीन, म्हणजे तिथेही मुली दोनने पुढे, तेही सायकलीशिवाय. सातातून दोन गेले, उरले पाच. सायकलीच्या नावावर एवढेच मांडायचे.

प्रत्यक्ष आकडेवारीवर अशा तीन वजाबाक्या केल्यावर निष्कर्ष निघाला की मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी 32 टक्क्यांनी वाढली. हे 32 टक्के मूळ प्रमाणाच्या तुलनेतले आहेत. शंभरातल्या 16 मुली नववीत जात असतील तर त्या सुमारे 21 होतील, 48 नव्हे. वर्तमानपत्री मथळ्यांत हा घोळ हमखास होतो.

आता या मांडणीचा पाया तपासू. ती एका गृहीतावर उभी आहे: सायकल दिली नसती तर मुली आणि मुलांमधली दरी बिहारमध्ये आणि झारखंडमध्ये सारख्याच गतीने कमी झाली असती. दोन्ही राज्यं हुबेहूब सारखी असावीत अशी अट नाही. एक मागास आणि दुसरं पुढारलेलं असलं तरी चालतं, वाटचाल समांतर हवी. योजनेआधीच्या वर्षांत ती समांतर होती का, हे आकड्यांतून पाहता येतं आणि वाचकाने निबंधात सर्वांत आधी तेच शोधावं. पण आधी समांतर होती म्हणून पुढेही तशीच राहिली असती, याची खात्री कुठलाही आकडा देत नाही.

इथे बारकाईने पाहायला हवं, कारण त्याच सुमारास या दोन राज्यांत आणखी एक मोठा फरक पडला. बिहारने 2006 साली पंचायतींत महिलांना पन्नास टक्के आरक्षण दिलं आणि निवडणुका घेतल्या. झारखंडमध्ये राज्य स्थापन झाल्यापासून 2010 पर्यंत पंचायत निवडणुकाच झाल्या नाहीत. गावची सत्ता बाईच्या हाती आली की मुलींच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या शिक्षणाविषयीच्या आकांक्षा वाढतात, हे पश्चिम बंगालमधल्या एका अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे फक्त बिहारमध्ये, फक्त त्याच काळात आणि मुख्यतः मुलींवर परिणाम करणारं दुसरं कारण हजर होतं. तिन्ही वजाबाक्यांमधून ते निसटून जातं.

या निबंधाची खरी ताकद त्याच्या पुढच्या पायरीत आहे. सायकलीमुळेच फरक पडला असेल, तर तो शाळा लांब असलेल्या गावांत जास्त दिसायला हवा. शाळा घराशेजारी असेल तर सायकलीने काय साधणार? लेखकांनी गावापासून माध्यमिक शाळेपर्यंतच्या अंतरानुसार निष्कर्ष वेगळे काढले, तेव्हा वाढ मुख्यतः दूरच्या गावांत झालेली दिसली. महिला सरपंचामुळे ही वाढ झाली असती, तर ती अंतर पाहून झाली नसती. योजनेच्या प्रचारामुळे किंवा हातात पैसे पडले म्हणून झाली असती, तरी जवळच्या गावांतही ती दिसली असती.

तरीही एक शंका उरते आणि ती दुबळी नाही. पोलिसांचा वचक वाढला आणि वाटमारी कमी झाली, तर लांबची वाट सुरक्षित होते आणि त्याचा सर्वांत जास्त लाभ दूर राहणाऱ्या मुलींनाच होतो. मुलगा तीच वाट आधीही तुडवत होताच. सुरक्षिततेचा हा परिणाम बाहेरून पाहता थेट सायकलीसारखाच दिसतो आणि अंतराची कसोटी त्या दोहोंना वेगळं करू शकत नाही. दुसरी अडचण अशी की तुलना दोनच राज्यांची आहे. घरं हजारोंनी असली तरी राज्य पातळीवर काही अनपेक्षित घडलं, तर ते त्या राज्यातल्या सगळ्याच घरांवर एकदम येतं. त्यामुळे निबंधातली संभाव्य चूक दाखवणारी आकडेमोड वाजवीपेक्षा जास्त खात्री देऊ शकते.

निष्कर्षाचा आवाका किती, हेही पाहायला हवं. शाळेत नाव घातलं म्हणजे शिक्षण झालं असं नाही. लेखकांनी दहावीच्या परीक्षेचे आकडेही तपासले. परीक्षेला बसणाऱ्या मुली 18 टक्क्यांनी वाढल्या, उत्तीर्ण होणाऱ्या 12 टक्क्यांनी. म्हणजे नव्याने आलेल्या मुलींपैकी अनेक जणी दहावीपर्यंत पोचल्या, पण उत्तीर्ण होणाऱ्यांची वाढ तेवढी झाली नाही. सायकल शाळेच्या दारापर्यंत नेते. वर्गात काय शिकवलं जातं, हा वेगळा प्रश्न आहे आणि या निबंधाने त्याचं उत्तर दिल्याचा दावा केलेला नाही.

निशिथ प्रकाश यांनी पुढे इतर सहकाऱ्यांबरोबर झांबियात सायकलींचा प्रयोग केला. तिथे कुठल्या शाळांतल्या मुलींना सायकली मिळणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यादृच्छिक पद्धतीने ठरवलं गेलं. त्यामुळे शेजारच्या राज्याची आणि समांतर वाटचालीच्या गृहीताची गरजच उरली नाही. शाळेत जायला लागणारा वेळ सुमारे एक तृतीयांशाने घटला आणि गैरहजेरीही कमी झाली. सायकलीने वाट खरोखर सोपी होते, या बिहारच्या निबंधातल्या दाव्याला त्यातून स्वतंत्र आधार मिळाला. बिहारमधल्या वाढीतला काही वाटा सुरक्षित झालेल्या रस्त्यांचा असावा, ही शक्यता मात्र अजून खोडली गेलेली नाही. म्हणून 32 टक्के हा आकडा सायकलीच्या परिणामाची वरची मर्यादा मानून वाचणं अधिक योग्य ठरेल.