९२ खय मोजलास?

देवबागच्या एका होमस्टेत १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. लॅपटॉपवर स्पीड टेस्ट केली की ९२ दिसतात, आणि मागच्या खोलीतल्या टीव्हीवर मॅच ऐन रंगात आली की गोल फिरू लागतो. पाहुणे तक्रार करतात, मालकीणबाई ९२ चा आकडा दाखवतात. दोन्ही बाजू खऱ्या कशा, हे बघायला मी केबलवाल्यांच्या तंत्रज्ञाबरोबर गेलो.

त्याने राउटरला हातही लावला नाही. "वयनी, ९२ खय बसान मोजलास?" एवढेच विचारले. मोजले होते पडवीत, राउटरच्या शेजारी. तिथून टीव्हीपर्यंत चिऱ्याच्या दोन जाड भिंती. चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो आणि वायफायच्या लहरी आणखी शोषतो.

मग तो लॅपटॉप घेऊन टीव्हीला चिकटून बसला आणि हा आदेश दिला:

```
ping -t 192.168.1.1
```

हा पत्ता घरातल्या राउटरचाच. म्हणजे इथे अडखळले तर दोष बाहेरच्या लाइनीचा नव्हे, घरातल्या वायफायचा. पडवीत उत्तर २-४ मिलिसेकंदांत येत होते. इथे ५, मग २४०, मग `Request timed out`.

स्पीड टेस्ट काही सेकंद चालते, एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून जवळच्या सर्व्हरकडून जमेल तेवढे ओढते आणि एक आकडा सांगते. मधले झटके त्या आकड्यात बुडून जातात. टीव्ही चित्राचे काही सेकंदांचे तुकडे एकामागून एक मागवून साठवतो. साठा संपेपर्यंत पुढचा तुकडा आला नाही, की गोल. थेट मॅचमध्ये पुढचे चित्र अजून घडलेलेच नसते, म्हणून साठाही तुटपुंजा.

लॅपटॉप म्हणजे टीव्ही नव्हे, हेही त्याला ठाऊक होते. टीव्हीचा अँटेना पडद्यामागे, भिंतीला टेकलेला. म्हणून टीव्हीच्याच ब्राउझरवर त्याने fast.com उघडले: ३. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस सुचवते.

शेवटची परीक्षा लांब लॅन केबलची. राउटरपासून टीव्हीपर्यंत जमिनीवरून सोडली, टीव्हीचे वायफाय बंद केले. मॅच एकदाही थांबली नाही. केबल लावूनही गोल फिरला असता, तर संशय टीव्हीच्या ॲपवर किंवा रात्रीच्या गर्दीत मंदावणाऱ्या लाइनीवर गेला असता. तेव्हा तीच मॅच त्याच केबलवर दुसऱ्या टीव्हीवर लावून बघायची, आणि सकाळ-रात्रीची तुलना करायची.

मालकीणबाई २०० चा प्लॅन घेणार होत्या. तंत्रज्ञ म्हणाला, "पैसे फुकट जातले. भिंती त्योच ऱ्हवतल्यो." त्याने भिंतीला भोक पाडून केबल कायमची ओढून दिली. पडवीतले ९२ खरेच होते, पण ते पडवीचे होते. पाहुणा बसतो मागच्या खोलीत, तेव्हा मोजणीही तिथेच व्हायला हवी.