स्वतःचंच ओझं पेलणारा खांब

दगडी खांबाच्या माथ्यावर 100 टन भार आहे. दगडाचं वजन घनमीटरला अडीच टन आणि प्रत्येक चौरस मीटरवर 100 टनच दाब चालतो, असं धरू. सरळसोट खांब 40 मीटर उंच केला, तर स्वतःच्या वजनानेच तळाशी ही मर्यादा गाठली जाते. कितीही जाड केला तरी माथ्यावरच्या भाराला जागा उरत नाही!

उपाय आकारात आहे. माथ्याशी 1 चौरस मीटर छेद ठेवायचा आणि खाली येताना प्रत्येक मीटरला सुमारे अडीच टक्के वाढवायचा. वाढलेल्या छेदाचं वजनही वाढतं, म्हणून ही वाढ चक्रवाढीची. तळाशी छेद साधारण 2.72 चौरस मीटर होतो, एकूण भार 272 टन आणि दाब सर्वत्र सारखाच. वाऱ्याने येणारा वाक मात्र या हिशेबात नाही; तो वेगळा तपासावाच लागतो.