फलकावर मावेल असे नाव

गणेशोत्सवाच्या आधी दोन महिने गल्लोगल्ली बैठका सुरू होतात आणि त्यातली एक बैठक हमखास नावावरून रेंगाळते. जुने मंडळ वडीलधाऱ्यांचे असते, त्यांच्या हाताखाली तरुण मुलामुलींची समिती उभी राहते आणि तिला स्वतःचे नाव हवे असते. नाव भारदस्त असावे, देवाचा आणि थोरांचा मान राखणारे असावे आणि फलकावर उठून दिसावे, एवढीच प्रत्येकाची अपेक्षा असते. अडचण अशी की भारदस्त वाटावे म्हणून नावाला एकेक शब्द जोडत गेले की तेच नाव फलकावर बारीक होत जाते. मग छापणारा त्याला कात्री लावतो आणि ती कात्री बहुधा आदरार्थी शब्दांनाच लागते.

नाव लांबते कसे, ते पाहू. आपल्याकडच्या मंडळांच्या नावाचा एक साचा ठरून गेला आहे. आधी ‘श्री’, मग देवाचे किंवा महापुरुषाचे नाव, मग चौक किंवा गल्ली, मग ‘सार्वजनिक’, ‘गणेशोत्सव’, ‘तरुण’, ‘मित्र’ आणि शेवटी ‘मंडळ’. नोंदणी झालेली असेल तर पुढे ‘ट्रस्ट’ही येतो. यातला प्रत्येक शब्द कोणाच्या तरी आग्रहाने आलेला असतो, त्यामुळे बैठकीत तो काढायला कोणी धजत नाही.

आता हे नाव फलकावर घालून बघा. समजा तुमच्या भागाला पिंपळपार म्हणतात आणि फलक दहा फूट रुंद, तीन फूट उंच आहे. डावीकडे दोन फूट गणपतीचे चित्र, उजवीकडे तेवढीच जागा वर्गणीदारांची किंवा पाहुण्यांची. मधे नावासाठी सहा फूट, म्हणजे बहात्तर इंच उरतात. ‘पिंपळपार चौक सार्वजनिक गणेशोत्सव तरुण मित्र मंडळ’ या नावात पंचवीस अक्षरे आहेत. शब्दांमधल्या सहा मोकळ्या जागा प्रत्येकी अर्ध्या अक्षराच्या धरल्या तर अठ्ठावीस अक्षरांची रुंदी झाली. बहात्तर भागिले अठ्ठावीस, म्हणजे एका अक्षराला जेमतेम अडीच इंच. देवनागरी अक्षराची उंची ढोबळमानाने रुंदीइतकीच धरता येते. फलक रंगवणाऱ्यांचा जुना अंदाज असा की एक इंच उंचीचे अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येते. म्हणजे हे नाव पंचवीस फुटांच्या आत आलेल्या माणसालाच नीट वाचता येईल. रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्याला फक्त रंगीत पट्टा दिसेल.

याच जागेत ‘पिंपळपार युवा समिती’ लिहा. दहा अक्षरे, दोन मोकळ्या जागा, म्हणजे अकरांची रुंदी. प्रत्येक अक्षराला साडेसहा इंच मिळतात आणि नाव साठ-पासष्ट फुटांवरून वाचता येते. फलक तोच, खर्च तोच. म्हणून कुठल्याही समितीला माझा पहिला आग्रह असतो की नाव ठरवण्यापूर्वी त्याची अक्षरे मोजा. बारा-तेराच्या आत बसणारे नाव कुठेही छापा, अडत नाही. वीसच्या पुढे गेले की ते दोन ओळींत तोडावे लागते आणि कुठे तोडायचे हा निर्णय तुमच्या हातात न राहता दुकानातल्या माणसाच्या हातात जातो.

आदराचा प्रश्न इथेच येतो. महापुरुषाचे नाव घेतलेल्या समितीचा पहिला फलक बहुतेक वेळा बरोबर असतो. त्यावर ‘छत्रपती शिवाजी महाराज’ असे पूर्ण लिहिलेले असते. मग टी-शर्टची छपाई येते, छातीवरचा लहानसा बिल्ला येतो, वर्गणीची पावती येते, ढोलावरची पट्टी येते. जागा कमी पडते, ‘छत्रपती’चे ‘छ.’ होते, ‘महाराज’ गळतो आणि मुले आपसात बोलताना एकेरीवर येतात. कोणाच्याही मनात अनादर नसतो, पण छापलेली गोष्ट अनादराचीच दिसते. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर या नावांचेही असेच होते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. थोरांचे नाव घ्यायचे तर ते पावतीपासून कमानीपर्यंत सगळीकडे उपाधीसह, न तोडता छापू, असा ठराव आधी करा. ते जमणार नसेल तर नाव घेऊ नका. पुण्यातल्या हुतात्मा बाबू गेनू मंडळाकडे पाहा. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना १९३० साली मुंबईत प्राण देणाऱ्या त्या गिरणी कामगाराचे नाव ‘हुतात्मा’ या शब्दासह तीनच शब्दांत आले आहे. ते आखूड असल्यामुळे त्याला संक्षेपाची गरजच पडत नाही.

देवाच्या नावाचे आणखी एक दुखणे आहे. उत्सव संपल्यावर फलक उतरतात, फाटतात, कोणी त्यांनी लाकडे झाकतो, कोणी ते चिखलात अंथरतो. गणपतीचे चित्र असलेला भाग निदान कापून बाजूला काढता येतो, पण समितीच्या नावातच देवाचे नाव मोठ्या अक्षरांत असेल तर ते पायाखाली येतेच. ज्या जागेवर आपण राहतो तिचे नाव घेतले की हा प्रश्न राहत नाही.

जागेच्या नावात कमीपणा आहे असे काही मुलांना वाटते, त्यांनी पुण्यातल्या मानाच्या गणपतींची नावे आठवावीत. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. पेठ, देऊळ, तालीम, बाग आणि वाडा. ‘अखिल मंडई मंडळ’ हे पूर्ण नाव नऊ अक्षरांचे आहे. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासूनचा आणि आजही लोक तो चाळीच्याच नावाने ओळखतात. ‘सम्राट’, ‘महाराजा’, ‘विश्वविख्यात’ असे शब्द ज्यांना लावावेसे वाटतात, त्यांच्या शेजारच्या गल्लीतही तेच शब्द लावलेले असतात. जागेचे नाव मात्र शेजारच्याला घेता येत नाही. इथे एकच जागरूकता हवी. वस्तीचे जुने नाव जातीवरून पडलेले असेल तर ते फलकावर नेऊ नका. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये अशी वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला आहे. वस्तीला मिळालेले नवे नाव वापरा, ते तुमच्या फलकांमुळे रुळेल.

जागेचे नाव घेतले तरी एक घोळ होऊ शकतो, तो म्हणजे दोन संस्था एकसारख्या दिसण्याचा. मुंबईत लालबागमध्ये गणेश गल्लीचे ‘लालबाग सार्वजनिक उत्सव मंडळ’ १९२८ पासून आहे, तर ‘लालबागचा राजा’ बसवणारे मंडळ १९३४ चे. दोन्ही नावांत लालबाग आहे, पण लोकांनी एकाला ‘गणेश गल्ली’ आणि दुसऱ्याला ‘राजा’ म्हणून वेगळे ठेवले. तुमच्या गल्लीत लोक इतके चोखंदळ असतीलच असे नाही. जुने ‘पिंपळपार मंडळ’ असताना मुलांनी ‘पिंपळपार तरुण मंडळ’ काढले तर वर्गणी देणाऱ्याला वाटते, मंडळ फुटले. म्हणून पहिला शब्द मंडळाचाच ठेवावा आणि शेवटचा बदलावा. ‘समिती’ म्हटले की ती कोणाची तरी समिती आहे, हे आपोआप कळते. खालच्या ओळीत मुख्य मंडळाचे पूर्ण नाव लहान अक्षरांत द्यावे. वडीलधाऱ्यांचा मान तिथे राखला जातो आणि कायद्याचेही काम होते, कारण वर्गणी गोळा करण्याची परवानगी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून मंडळाच्या नावाने मिळते. समितीने स्वतःच्या नावाची वेगळी पावती छापू नये. महापालिकेकडून फलकाची परवानगी घेतानाही मंडळाचे अधिकृत नावच लागते आणि त्या परवानगीचा क्रमांक फलकावर छापावा लागतो.

‘युवक’ की ‘युवा’, हेही बैठकीत ठरवून टाका. आरास, ढोलपथक आणि हिशेब यांत मुली बरोबरीने असतात, तेव्हा ‘युवक’पेक्षा ‘युवा’ किंवा ‘तरुण’ बरे. ‘बाल’ मात्र टाळा. बालमंडळे काढणारी मुले म्हातारी झाली तरी फलकावर ‘बाल’ तसेच राहते.

आता छपाई. फ्लेक्सच्या बहुतेक दुकानांत कोरलड्रॉवर आणि श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत काम चालते. मोबाइलवर पाठवलेला मजकूर त्या टंकांत जसाच्या तसा उतरत नाही, म्हणून दुकानदार तो नव्याने टाइप करतो आणि चुका तिथे शिरतात. ‘तरुण’ मधला रु ऱ्हस्व आहे, पण निम्म्या फलकांवर ‘तरूण’ दिसते. ‘सार्वजनिक’चे ‘सार्वजनीक’ होते, ‘क्रीडा’चे ‘क्रिडा’. नाव निवडतानाच अशी अडखळणारी अक्षरे कमी ठेवता आली तर चांगले. ‘कीर्ती’त वेलांटी आणि रफार एकाच जागी येतात, ‘श्रद्धा’त द आणि ध एकाखाली एक चिकटतात. मोठ्या फलकावर हे खपते, पण रबरी शिक्क्यावर शाई भरून त्याचा ठिपका होतो. ‘पिंपळपार युवा समिती’त असे एकही जोडाक्षर नाही, हा तिचा मोठा गुण.

दोन ओळींत नाव घेत असाल तर मधे मोकळी जागा भरपूर सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. पिवळ्यावर भगवे अक्षर दुकानातल्या पडद्यावर छान दिसते आणि रस्त्यावर विरघळून जाते. गडद पार्श्वभूमीवर पांढरे किंवा पिवळ्यावर गडद लाल अक्षर लांबून टिकते. सावली, चकाकी, तिहेरी कडा यांना नकार द्या, त्या अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा खातात.

नाव पक्के झाले की एकदाच ते शुद्ध, नीट अंतर सोडून मांडून घ्या आणि दुकानदाराकडून अक्षरांचे रेषाचित्रात रूपांतर करून, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘कर्व्ह’ करून, ती फाइल मागून घ्या. मग कोणत्याही दुकानात, कोणत्याही टंकाशिवाय नाव तसेच छापले जाते आणि पुन्हा टाइप करण्याची वेळ येत नाही. ही फाइल समितीच्या दोघातिघांकडे तरी ठेवा. छापण्याआधी नमुन्याचा कागदी छाप काढून गल्लीतल्या मराठीच्या शिक्षकांना किंवा एखाद्या जाणत्या आजींना वाचायला द्या आणि त्यांनी होकार दिल्यावरच फ्लेक्स यंत्रावर चढवायला सांगा.