तिमाहीतून एकदा, शंभर मिनिटं

एक पतसंस्था आहे असं समजू. खातेदार १२,०००. तिमाही संपली की प्रत्येकाच्या नावाने व्याजाचं पत्रक मराठीत तयार करून पीडीएफच्या रूपात इमेलने पाठवायचं. देवनागरीतली जोडाक्षरं नीट जुळावीत म्हणून ही पत्रकं क्रोम ब्राउझर पडद्याविना चालवून काढली जातात. एका पत्रकाला अर्धा सेकंद लागतो, म्हणजे सगळ्यांना मिळून ६,००० सेकंद, शंभर मिनिटं. हे वर्षातून चारदा. बाकीचे तीनशे साठ दिवस या कामाला संगणक लागतच नाही.

अशा अधूनमधून येणाऱ्या आणि गठ्ठ्याने उरकायच्या कामाला संगणकाच्या भाषेत बॅच जॉब म्हणतात. ते क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या संगणकांवर, चालवायचं तर मुख्यतः तीन वाटा आहेत: फंक्शन, क्लस्टर आणि सर्व्हरलेस कंटेनर.

फंक्शनची वाट पहिल्यांदा सुचते, कारण ती सर्वांत सोपी दिसते. अॅमेझॉनने २०१४ मध्ये लॅम्डा ही सेवा आणली. कोडचा तुकडा द्यायचा, तो केव्हा चालवायचा ते सांगायचं, आणि जेवढा वेळ चालला तेवढेच पैसे भरायचे. सुरुवातीला ब्राउझर आणि फाँट मावणं अवघड होतं, कारण उघडलेल्या कोडला २५० एमबीची मर्यादा होती. २०२० च्या डिसेंबरपासून १० जीबीपर्यंतची कंटेनर इमेज चालते, त्यामुळे ती अडचण सरली. वेळेची मर्यादा मात्र कायम आहे: एक फंक्शन एका दमात जास्तीत जास्त १५ मिनिटं चालतं.

आपल्या पतसंस्थेचं काम तसंच्या तसं लॅम्डावर ठेवलं तर काय होईल? ९०० सेकंदांत १,८०० पत्रकं होतील आणि नोंदवहीत ही ओळ उमटेल:

```
Task timed out after 900.00 seconds
```

इथेच थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण वेळापत्रकाने सुरू झालेलं फंक्शन फसलं, की लॅम्डा ते आपणहून आणखी दोनदा चालवून पाहते. कोड दर वेळी यादीच्या पहिल्या नावापासून सुरू होतो. परिणामी पहिल्या १,८०० खातेदारांना तेच पत्रक तीनदा जातं आणि उरलेल्या १०,२०० जणांना एकदाही जात नाही. संस्थेला हे कळतं ते बहुधा फोन वाजू लागल्यावर.

यावर उपाय आहे. यादीचे हजार-हजारांचे बारा तुकडे करायचे, ते रांगेत टाकायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक फंक्शन लावायचं. प्रत्येक तुकडा साडेआठ मिनिटांच्या आत संपतो आणि खर्चही किरकोळ येतो. पण आता एक रांग सांभाळायची, बारा तुकडे संपले की नाही ते मोजायचं, सातवा फसला तर नेमका तोच पुन्हा चालवायचा. शंभर मिनिटांच्या साध्या कामाभोवती एक वेगळीच यंत्रणा उभी राहते, आणि ती लिहिणारा माणूस संस्था सोडून गेला की तिच्याकडे पाहायला कोणी उरत नाही.

दुसरं टोक म्हणजे क्लस्टर. अनेक संगणक एकत्र जोडून त्यांवर कुबरनेटीससारखा कारभारी बसवायचा. या कारभाऱ्याचंच भाडं अॅमेझॉनकडे आणि गूगलकडे तासाला १० सेंट आहे. महिन्याला साधारण ७३ डॉलर, तेही त्यावर एकही काम न चालवता. (गूगल महिन्याला एका छोट्या क्लस्टरइतकी सूट देतं.) पैशांहून जड जाते ती निगा. अॅमेझॉन कुबरनेटीसच्या एका आवृत्तीला १४ महिने नेहमीच्या दराने सांभाळतं. त्यानंतर आवृत्ती बदलली नाही तर तेच भाडं तासाला ६० सेंट होतं. वर्षातून चारदा लागणाऱ्या कामासाठी हे ओझं कोणी घेऊ नये.

क्लस्टरला त्याची जागा आहेच. बंगळुरूच्या झीरोधा या दलाली कंपनीला दर व्यवहाराच्या दिवशी पंधरा लाखांहून अधिक काँट्रॅक्ट नोटा पीडीएफमध्ये काढून, सही करून पाठवाव्या लागतात. कंपनीच्या अभियंत्यांनी २०२४ मध्ये लिहिल्याप्रमाणे, नोमॅड नावाच्या कारभाऱ्याखाली त्या वेळेपुरते मोठे संगणक उभे करून हे काम सुमारे २५ मिनिटांत संपतं आणि संगणक लगेच काढून टाकले जातात. पण तिथे काम रोजचं आहे आणि ते सांभाळणारा चमू कायमचा आहे.

तिसरी वाट या दोन्हींच्या मधली. लग्नाचा आचारी आपली भांडी, आपला मसाला घेऊन येतो, पंगत उठली की सगळं आवरून जातो. कंटेनरचं तसंच आहे. कोड, ब्राउझर आणि देवनागरी फाँट एका पेटीत बंद करून द्यायचे. सेवा देणारी कंपनी ती पेटी कुठल्या तरी संगणकावर उघडते, काम संपेपर्यंत चालवते आणि मग बिल थांबतं. अॅमेझॉनची फारगेट आणि गूगलची क्लाउड रन जॉब्स या अशा सेवा. क्लाउड रनवर एका कामाला सात दिवसांपर्यंत मुदत देता येते.

पतसंस्थेचं काम तिथे असं मांडता येईल:

```
gcloud run jobs create patrak \
  --image asia-south1-docker.pkg.dev/PROJECT/repo/patrak \
  --region asia-south1 --tasks 4 \
  --task-timeout 45m --max-retries 1 \
  --cpu 1 --memory 2Gi
```

`--tasks 4` म्हणजे त्याच पेटीच्या चार प्रती एकाच वेळी चालतील. कितव्या प्रतीत आपण आहोत हे कोडला आपोआप कळतं, त्यामुळे यादीची वाटणी तीन ओळींत होते:

```python
i = int(os.environ["CLOUD_RUN_TASK_INDEX"])
n = int(os.environ["CLOUD_RUN_TASK_COUNT"])
mine = members[i::n]
```

प्रत्येकीच्या वाट्याला ३,००० पत्रकं, वेळ २५ मिनिटं. वेगळी रांग नाही. चारही प्रती यशस्वी झाल्या तरच काम यशस्वी म्हणून नोंदलं जातं. अमेरिकेतल्या मुख्य केंद्रांच्या दराने एका खेपेचा हिशेब सुमारे १३ सेंट येतो.

तरीही इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. मुदत सांगितली नाही तर ती दहा मिनिटांची धरली जाते, म्हणून वरची ४५ मिनिटं हाताने लिहिलेली आहेत. दुसरं, क्लाउड रनमध्ये साध्या फायली डिस्कवर नाही, मेमरीत साठतात. तीनशे केबीची ३,००० पत्रकं तशीच ठेवली तर ९०० एमबी तिथेच जातात, ब्राउझरला जागा अपुरी पडू शकते आणि प्रत मधेच मारली जाऊ शकते. नोंदवहीत मेमरीची मर्यादा ओलांडल्याचा निरोप दिसला तर कारण बहुधा हेच. पत्रक तयार झालं की लगेच क्लाउडच्या साठवणीत पाठवून इथलं पुसून टाकावं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फसलेली प्रत इथेही पहिल्या नावापासून पुन्हा सुरू होते. म्हणून फाइलचं नाव खातेक्रमांक आणि तिमाही यांवरून ठरवावं, इमेल गेल्याची नोंद लगेच करावी, आणि पत्रक करण्याआधी ती नोंद पाहावी. नोंद असेल तर पुढच्या नावाकडे जावं. एवढं केलं तर काम मध्यावर तुटून पुन्हा चालवावं लागलं तरी एकाच खातेदाराच्या हाती दोन पत्रकं पडण्याची शक्यता फार कमी राहते.

ज्यांच्याकडे असं काम आहे त्यांनी निर्णयाआधी शंभर नोंदी स्वतःच्या संगणकावर चालवून घड्याळ लावावं आणि एकूण संख्येने गुणावं. उत्तर पाच-सात मिनिटांच्या आत आलं तर फंक्शन पुरेल. त्याहून जास्त आलं आणि काम रोजचं नसेल, तर कंटेनरची पेटी बांधायला घ्यावी.