बजेट बसलं, तरी हिशेब चुकला

सप्टेंबर उजाडला की सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना लागते. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून बहुतेक सभा शेवटच्या एक-दोन रविवारी उरकल्या जातात. अहवालाच्या मागच्या पानांवर उत्पन्न-खर्च पत्रक असतं. त्यात चालू वर्षाचा खर्च असतो, शेजारी मागच्या वर्षाचा असतो. गेल्या सभेत आपणच मंजूर केलेल्या अंदाजपत्रकाचा रकाना मात्र बहुधा नसतो. ते पान जुन्या अहवालात शोधून शेजारी ठेवावं लागतं आणि हा खटाटोप फार थोडे जण करतात.

जे करतात, ते एकूण रक्कम पाहून थांबतात. गोम तिथेच आहे.

पुण्याच्या उपनगरातली ६० सदनिकांची एक सोसायटी उदाहरणादाखल घेऊ. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, पण असे हिशेब घरोघरी सापडतील. २०२४-२५ साठी खर्चाचा अंदाज २१ लाख ६० हजार रुपये होता. म्हणजे प्रत्येक घराला महिना ३,००० रुपये मेंटेनन्स. प्रत्यक्ष खर्च झाला २१ लाख ७२ हजार. फरक फक्त १२ हजारांचा, अर्धा टक्का. सभेत खजिनदारांचं अभिनंदन झालं आणि पुढचा विषय घेतला गेला.

आता आतल्या ओळी पाहू. पाण्याच्या टँकरवर २ लाख ७० हजारांचा अंदाज होता, खर्च झाला ४ लाख २० हजार. दुरुस्तीला ३ लाख धरले होते, लागले १ लाख ६२ हजार. सुरक्षेचे ६ लाख ४८ हजार धरले होते, तिथे ६ लाख २४ हजारच दिसतात. सामाईक वीज १२ हजारांनी जास्त, किरकोळ खर्च मिळून आणखी १२ हजार जास्त, लिफ्टचा देखभाल करार जसाच्या तसा. एका ओळीतला खड्डा दुसऱ्या ओळीतल्या मातीने बुजला आणि वरून रस्ता सपाट दिसू लागला.

टँकरपासून सुरुवात करू. दीड लाखांचा फरक का पडला, असं विचारल्यावर कमिटीचं उत्तर तयार होतं: ‘भाव वाढले.’ भाव वाढले हे खरंच होतं. अंदाज ९०० रुपयांना एक या दराने ३०० टँकरचा होता, प्रत्यक्षात सरासरी १,००० रुपयांनी ४२० टँकर आले. दरवाढीचा वाटा काढायचा तर आलेल्या ४२० टँकरना वाढीव १०० रुपयांनी गुणायचं: ४२ हजार. उरलेले १ लाख ८ हजार जास्तीच्या १२० टँकरचे, जुन्या ९०० च्या दराने. म्हणजे दीड लाखातले जेमतेम ४२ हजार भावाचे. बाकी सगळे टँकर जास्त मागवल्याचे. दर आपल्या हातात नसतो, संख्या बऱ्याच अंशी असते. म्हणून कुठल्याही खर्चाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारावा, की दर वाढला की नग वाढले. वॉचमन, डिझेल, विजेची युनिट्स, सगळीकडे तो चालतो.

संख्या का वाढली, याचं उत्तर अहवालात नसतं, गेटवरच्या रजिस्टरमध्ये असतं. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, चलान क्रमांक, वॉचमनची सही. या सोसायटीच्या रजिस्टरवरून महिन्यावार बेरीज केली तर जास्तीच्या १२० पैकी ७४ टँकर एप्रिल ते जूनमधले निघाले. उन्हाळा लांबला, नळाचं पाणी कमी आलं. ते समजण्यासारखं आहे. पण ४६ टँकर ऑक्टोबर ते जानेवारीमधले होते. तेव्हा धरणं भरलेली होती आणि नळाला पाणी नेहमीसारखं येत होतं. मग पाणी गेलं कुठे?

इथे विजेच्या ओळीतले ते १२ हजार उपयोगी पडतात. सामाईक मीटरच्या बिलांवर युनिट्स छापलेली असतात. ती याच चार महिन्यांत चढलेली दिसली. पाणीही जास्त, वीजही जास्त, म्हणजे पंप गरजेपेक्षा जास्त चालत होता. गच्चीवर जाऊन पाहिल्यावर एका विंगच्या टाकीतला फ्लोट अडकलेला सापडला. टाकी भरली तरी पंप बंद व्हायचा नाही आणि पहाटेचं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून थेट पावसाळी पाइपात जायचं. अंधारात कुणाला दिसणार? दुरुस्ती काही शे रुपयांची होती. ४६ टँकर ९०० च्या दराने धरले तरी ४१ हजार ४०० रुपये होतात, वीज वेगळी. अहवालात मात्र हे दोन आकडे दोन निरनिराळ्या ओळींत बसलेले होते आणि दोन्हींपुढे एकच शेरा होता: ‘दरवाढीमुळे’.

आता सुरक्षेची ओळ. तिथे २४ हजारांची बचत दिसते. अंदाज तीन रक्षकांचा, प्रत्येकी महिना १८ हजार. ऑक्टोबरपासून एजन्सीने दर २० हजार केला. पहिले सहा महिने ३ लाख २४ हजार, पुढचे सहा महिने ३ लाख ६० हजार, एकूण ६ लाख ८४ हजार व्हायला हवेत. दर वाढूनही खर्च अंदाजापेक्षा कमी, हे गणितात बसत नाही. कारण असं की मार्चचं ६० हजारांचं बिल एप्रिलमध्ये आलं, एप्रिलमध्ये चेक निघाला आणि खर्च नव्या वर्षात पडला. जुन्या वर्षात अकराच बिलं राहिली. खरं तर वॉचमन मार्चमध्ये उभे होते, म्हणजे खर्च मार्चचाच. ३१ मार्चला ते ६० हजार ‘देणे खर्च’ म्हणून ताळेबंदाच्या देण्यांच्या बाजूला दाखवायचे आणि उत्पन्न-खर्च पत्रकात धरायचे, ही साधी तरतूद राहून गेली. म्हणजे २४ हजारांची बचत कागदावरची. प्रत्यक्षात ३६ हजार जास्त लागले.

ही चूक ओळखायची युक्ती सोपी आहे. जे खर्च दरमहा येतात, त्यांची वर्षात बारा बिलं असायला हवीत. अकरा असली तर एक पुढे ढकललंय. तेरा असली तर मागच्या वर्षाचं या वर्षाच्या माथी मारलंय. कधी कधी दरवर्षीच मार्चचं बिल पुढे जात असतं. मग प्रत्येक वर्षात बाराच बिलं भरतात आणि काहीच जाणवत नाही. खजिनदार किंवा अकाउंटंट बदलला आणि नव्याने नीट पद्धत सुरू केली, की त्या एका वर्षात खर्च अचानक फुगतो. बिचाऱ्या नव्या माणसावर उधळपट्टीचा आरोप होतो तो असा.

राहिली दुरुस्ती. १ लाख ३८ हजारांची बचत, सभेत टाळ्या घेतलेली. अंदाजात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे धरले होते. ते काम पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये करायचं. पण कोटेशन यायला उशीर झाला, पाऊस लागला, दिवाळीनंतर पाहू म्हणून राहिलं आणि मार्च संपला. पैसे वाचले नाहीत, काम राहिलं. हाच खर्च पुढच्या वर्षी येणार आणि दरम्यान एका पावसात वरच्या मजल्याचं छत ओलं झालेलं असेल, तर जास्तच येणार. माझं स्पष्ट मत आहे की दुरुस्तीच्या ओळीतली बचत ही वाढीपेक्षा अधिक बारकाईने तपासावी. कमी दरात काम झालं असेल तर अभिनंदन जरूर करा. झालंच नसेल तर ती न झालेल्या कामाची यादी आहे.

काही फरक निव्वळ जागा बदलल्याने पडतात, तेही ओळखता यायला हवेत. नवे सीसीटीव्ही घेतले तर ती मालमत्ता ठरते. संपूर्ण किंमत ताळेबंदात जाते आणि खर्चात फक्त वर्षाचा घसारा दिसतो. मोठी दुरुस्ती राखीव निधीतून केली, तर ती उत्पन्न-खर्च पत्रकात येतच नाही. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीसाठी बांधकामखर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी गोळा होते. तेव्हा एखादा खर्च अंदाजात होता आणि पत्रकात सापडत नाही, तर बोंब मारण्याआधी ताळेबंदातल्या निधीचं परिशिष्ट उघडावं. तिथली शिल्लक तेवढ्याने उतरलेली असेल तर प्रश्न मिटला.

आता या सोसायटीचा हिशेब पुन्हा मांडू. दिसणारा जादा खर्च १२ हजार. त्यात राहून गेलेलं मार्चचं बिल ६० हजार आणि न झालेलं काम १ लाख ३८ हजार. एकूण २ लाख १० हजार. ६० घरांत वाटले तर प्रत्येकी ३,५००, म्हणजे महिना जवळपास २९० रुपये मेंटेनन्स कमी पडतो आहे. सभेला मात्र सांगितलं गेलं की यंदा वाढ नको.

आणि हे इथेच थांबत नाही. बहुतेक कमिट्या नवं अंदाजपत्रक करताना झालेल्या खर्चावर दहा टक्के चढवतात. अकरा बिलांच्या ६ लाख २४ हजारांवर दहा टक्के म्हणजे ६ लाख ८६ हजार. पण तीन रक्षकांचे २० हजारांच्या दराने वर्षाचे ७ लाख २० हजार होतात, शिवाय जुन्या मार्चचे ६० हजार आहेतच. दुरुस्तीला १ लाख ७८ हजार धरले जातील, त्यात वॉटरप्रूफिंग बसणार नाही. उलट टँकरला ४ लाख ६२ हजार धरले जातील, त्यात गळून गेलेलं पाणीही दहा टक्के वाढीसह मंजूर होईल.

सभेची सूचना किमान चौदा दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे हाताशी दोन आठवडे असतात. हिशेबपत्रकं आणि सभांची इतिवृत्तं पाहण्याचा हक्क सदस्याला कायद्याने आहेच. टँकरचं रजिस्टर आणि बिलं मात्र कमिटीला विनंती करून पाहावी लागतात; चांगली कमिटी आढेवेढे घेत नाही. ज्या तीन ओळींत फरक सर्वांत मोठा आहे, जास्त असो वा कमी, तेवढ्याच निवडा. दर किती, नग किती, बिलं किती आणि ठरलेलं काम झालं का, एवढं लिहून सेक्रेटरींकडे सभेच्या आठवडाभर आधी द्या आणि पोच घ्या. ऐन सभेत माइकवर विचारलेल्या प्रश्नाला कुठल्याच खजिनदाराकडे रजिस्टर उघडून उत्तर द्यायला वेळ नसतो.