‘मान्यता’ हा एक शब्द आणि तीन वेगळे निर्णय

‘अमुक देशात गांजाला मान्यता’ अशी बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी वाचायला मिळते. त्या ‘मान्यता’ शब्दाचा मला मनापासून राग आहे. पदार्थ जवळ बाळगणाऱ्याला तुरुंगात न टाकणे, तो दुकानात विकू देणे आणि तो एखाद्या आजारावर औषध म्हणून मंजूर करणे हे तीन निराळे निर्णय आहेत. ते वेगवेगळ्या कारणांसाठी घेतले जातात आणि त्यांचे परिणामही वेगळे असतात. एकच शब्द तिघांना लावला की वाचणाऱ्याचा घोळ होतो, आणि तो कधीकधी महागात पडतो.

हा फरक समजून घ्यायला अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याइतकी सोयीची जागा नाही. काही वर्षे तिथे हे तिन्ही प्रकार एकाच वेळी अस्तित्वात होते. २०२२ साल आहे आणि पोर्टलंड शहरातल्या एका रस्त्यावर तीन माणसे उभी आहेत, अशी कल्पना करू. एकाच्या खिशात २० ग्रॅम गांजा आहे. दुसऱ्याकडे अर्धा ग्रॅम हेरॉइन आहे. तिसरी एक आई आहे, तिच्या पिशवीत गांजाच्याच झाडातून काढलेल्या औषधाची बाटली आहे. समोरून पोलीस येतो.

गांजावाला तिशीचा आहे. त्याने माल परवानाधारक दुकानातून, वयाचा पुरावा दाखवून विकत घेतला आहे. ओरेगॉनच्या मतदारांनी २०१४ मध्ये कौल दिल्यापासून एकवीस वर्षांवरील माणसाला हे करता येते. याला म्हणायचे कायदेशीर करणे. आपल्याकडच्या परमिट रूमसारखाच हा प्रकार. सरकार परवाना देते, कर घेते, वय ठरवते, आणि मालाची कीटकनाशकांसाठी व नशेच्या तीव्रतेसाठी तपासणी करायला लावते. पोलीस या माणसाला काही करणार नाही. मात्र त्याने तिथेच रस्त्यावर ओढायला सुरुवात केली, विनापरवाना विकायला काढला किंवा नशेत गाडी चालवली, तर तो अडचणीत येईल. कायदेशीर म्हणजे मोकाट नव्हे. उलट पूर्वी ज्या व्यवहाराला एकही नियम नव्हता, त्याला आता नियमांची जाडजूड वही आहे.

हेरॉइनवाल्याची गोष्ट वेगळी. हेरॉइन विकणारे दुकान ओरेगॉनमध्ये कुठेही नव्हते. विकणे गुन्हाच होता आणि त्यासाठी तुरुंग होता. पण १ फेब्रुवारी २०२१ पासून एक ग्रॅमपेक्षा कमी हेरॉइन स्वतःसाठी बाळगणाऱ्यावर फौजदारी खटला भरणे बंद झाले. पोलीस त्याच्या हातात शंभर डॉलरच्या दंडाची पावती देई. व्यसनमुक्तीच्या मदतवाहिनीला फोन करून आरोग्यविषयक चौकशी करून घेतली, की तो दंडही माफ. याला म्हणतात गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढणे, इंग्रजी बातम्यांतले डीक्रिमिनलायझेशन. हेल्मेटविना गाडी चालवणे आपण बरोबर मानत नाही, पण त्यासाठी कुणाला कोठडीत डांबत नाही, चलान फाडतो. साधारण तसेच. पुडीत काय आहे याची हमी मात्र इथे कुणीच देत नाही, कारण ती पुडी अजूनही चोरट्या बाजारातूनच आलेली असते.

या मार्गाची खरी परीक्षा पावती दिल्यानंतर होते, आणि ओरेगॉन तिथेच अडखळले. दंड भरला नाही तरी पुढे काही होत नव्हते. मदतवाहिनीला फारच थोड्या लोकांनी फोन केला. उपचारकेंद्रांसाठीचा पैसा पोचायला उशीर झाला. त्याच काळात फेंटानिल हे अतितीव्र मादक द्रव्य पश्चिम किनाऱ्यावर पसरले आणि मृत्यू वाढले. हा प्रसार हिशोबात घेतलेल्या २०२४ च्या एका अभ्यासात नव्या कायद्याचा त्या वाढीशी संबंध दिसला नाही. पण तोवर लोकांचा धीर सुटला होता. १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणे तिथे पुन्हा गुन्हा ठरले.

पोर्तुगालने हाच मार्ग १ जुलै २००१ पासून धरला आणि अजून सोडलेला नाही. तिथे साधारण दहा दिवसांच्या वापराइतका साठा सापडला, तर पोलीस तो जप्त करतात आणि त्या माणसाला एका समितीपुढे पाठवतात. कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतले तीन सदस्य समोर बसून त्याच्याशी बोलतात आणि गरज असेल तर उपचाराकडे वळवतात. मला हा फरक निर्णायक वाटतो. पावतीवर फोन नंबर छापणे आणि माणसासमोर माणूस बसवणे यांत फार अंतर आहे.

आता त्या आईकडे वळू. तिच्या मुलाला ड्राव्हे सिंड्रोम आहे, म्हणजे तान्हेपणी सुरू होणारी, साध्या औषधांना न जुमानणारी मिरगी. बाटलीवर नाव आहे एपिडिओलेक्स. त्यात गांजाच्या झाडातला कॅनाबिडिऑल हा शुद्ध केलेला घटक असतो. नशा आणणारा घटक तो नव्हे. २५ जून २०१८ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते मंजूर केले. त्याआधी ड्राव्हेच्या १२० लहानमोठ्या मुलांवर झालेल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचे मोठे झटके महिन्याला साधारण १२ वरून ६ वर आले. नुसते दिखाऊ द्रावण घेणाऱ्यांचे १५ वरून जेमतेम १४ वर.

आणि मात्रा किती काटेकोर असते ते पाहा. सुरुवात वजनाच्या किलोमागे अडीच मिलिग्रॅमने, दिवसातून दोनदा. मूल वीस किलोचे असेल तर एका वेळी पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिलिटर. औषध सुरू करण्याआधी आणि नंतरही यकृताच्या रक्ततपासण्या करायच्या, कारण विशेषतः व्हॅल्प्रोएट हे मिरगीचे दुसरे औषध चालू असेल तर यकृतावर ताण येऊ शकतो. मंजुरी मिळाली ती या द्रावणाला, ठरावीक आजारांसाठी. गांजाला नाही. म्हणून शेजारच्या दुकानात मिळणारे गांजाचे तेल त्या मुलाला पाजणे हा त्या औषधाचा पर्याय होत नाही. दुकानातली तपासणी बाटलीत काय आहे ते सांगते, ते कशावर गुणकारी आहे हे सांगत नाही.

आपल्याकडे औषध म्हणून मंजुरीचे सर्वांत ओळखीचे उदाहरण मॉर्फिन आहे. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर ते मान्यताप्राप्त रुग्णालयात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. तेच मॉर्फिन परवानगीवाचून बाळगले तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली खटला होतो. त्या कायद्याच्या धाकाने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि कितीतरी रुग्ण तळमळत गेले. २०१४ मध्ये कायदा बदलून परवान्यांची वाट सोपी करावी लागली. गांजाच्या बाबतीत मात्र भारतात थोडासा साठासुद्धा गुन्हाच आहे. एक किलोपर्यंतचे प्रमाण कायद्याच्या भाषेत ‘अल्प’ आहे, तरी त्याला एक वर्षापर्यंतची कैद होऊ शकते. भांग त्या केंद्रीय कायद्यातून सुटते, कारण गांजाच्या व्याख्येत केवळ पाने धरलेली नाहीत. राज्यांचे नियम तिलाही लागू असतात.

पोर्टलंडच्या परिसरात चिप बनवणाऱ्या कंपन्यांमुळे बरीच मराठी मंडळी राहतात. त्यांना आणि अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलांना एक कळकळीचे सांगणे. राज्याने दुकान उघडू दिले, तरी व्हिसा आणि ग्रीन कार्डचा कायदा केंद्राचा आहे, आणि गांजा घेतल्याची नुसती कबुलीसुद्धा त्यात अडथळा ठरू शकते. रांगेत उभे राहण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. आणि तिथल्या दुकानातली गांजाची गोळी सुटीला येताना बॅगेत टाकू नका, मुंबईच्या विमानतळावर ती अमली पदार्थच ठरते.