सुपीरियर सरोवराची चौकट

विश्वकोशातील लेखाच्या कडेला जी माहितीची चौकट असते, ती वाचायला सोपी, पण तक्त्यात उतरवायला घेतली की सतावते. लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांच्या चौकटींचे स्क्रीनशॉट घेऊन त्यांची जेसन फाईल करायला बसलो, तेव्हा हे कळले.

पहिला नियम असा की एकक किल्लीच्या नावातच लिहायचे आणि समोर नुसता आकडा ठेवायचा, स्वल्पविराम न घालता. पाचही सरोवरांना किल्ल्या त्याच. आकडा मजकूर म्हणून ठेवला, तर उतरत्या क्रमात ९,९१० चौरस मैलांचे ईरी ३१,७०० चौरस मैलांच्या सुपीरियरच्या वर जाऊन बसते. मजकुराच्या हिशेबी नऊ हा तिनापेक्षा मोठा!

```json
{
  "name": "Lake Superior",
  "area_km2": 82100,
  "max_depth_m": 406,
  "mean_depth_m": 147,
  "volume_km3": 12100
}
```

खरी मेख आहे ती `km²` आणि `km³` यांच्या डोक्यावरच्या बारीक आकड्यांत. चित्रातून अक्षरे वाचणारा प्रोग्राम ते गाळतो, आणि क्षेत्रफळ व घनफळ दोन्हींपुढे नुसते `km` उरते. सुदैवाने चौकटीत प्रत्येक माप दोनदा दिलेले असते. ८२,१०० ला ३१,७०० ने भागले की २.५९ येतात, म्हणजे चौरस मैलांचे चौरस किलोमीटर झाले. १२,१०० ला २,९०० ने भागले की सुमारे ४.१७, हे घन मैलांचे. साधे अंतर असते तर १.६१ आले असते. ८ चा ६ वाचला गेला असेल, तर भागाकार १.९६ येतो आणि तो कुठल्याच एककाशी जुळत नाही. चूक तिथेच उघडी पडते.

मात्र सरासरी खोली चुकून कमाल खोलीच्या किल्लीत पडली आणि कमाल सरासरीच्या, तर ही युक्ती लंगडी पडते, कारण मीटर आणि फूट यांचे नाते दोन्हीकडे बरोबरच असते. त्यासाठी दुसरी तपासणी: क्षेत्रफळ गुणिले सरासरी खोली म्हणजे घनफळ. १४७ मीटर म्हणजे ०.१४७ किलोमीटर, त्याने ८२,१०० ला गुणले की १२,०६९ येतात, १२,१०० च्या अगदी जवळ. ४०६ मीटर घेतले असते तर ३३,००० च्या पुढे गेलो असतो. थोडा फरक राहणारच, कारण चौकटीतले आकडे आधीच गोळाबेरीज केलेले असतात. म्हणूनच मैलांवरून नव्याने गुणून ८२,१०२.६ असा आकडा मी घातला नाही. इतके बारीक मोजमाप मुळात नाहीच.

आणि एखाद्या तळ्याच्या चौकटीत खोलीची ओळच नसेल, तर तिथे `null` लिहावे. शून्य लिहिले तर ते तळे कोरडे ठरते, आणि सरासरी काढताना इतरांनाही उथळ करते.